दुबईहून पुण्यात परत: एमईपीवाल्याला इथे कोण विचारतं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मूळचा चिपळूणचा. पुण्यात मेकॅनिकल केलं, थोडी वर्षं इथल्याच एका एसी ठेकेदाराकडे साइट सांभाळल्या आणि दुबई गाठली. तिथे १४ वर्षं झाली. काम एमईपीचं. इमारतीतलं एसी, पाणी, फायर, वीज, जे जे फॉल्स सीलिंगच्या वर आणि भिंतीआड जातं ते सगळं. टॉवर केले, हॉटेलं केली, शेवटी एक हॉस्पिटल.

आई एकटी असते आणि मुलगी आठवीत गेली. आत्ता आलो नसतो तर तिची बारावी होईपर्यंत हलता आलं नसतं. म्हणून हॉस्पिटल हँडओव्हर करून आलो. चिंचवडला फ्लॅट आहे, कर्ज फिटलंय. थोड्या एनआरई एफडी आहेत.

आता अडचण. एचआरचा फोन येतो, पहिला प्रश्न "करंट सीटीसी?" मी म्हणतो महिना १८,००० दिरहम. पलीकडे कॅल्क्युलेटर चालतो. "सर, म्हणजे बावन्न लाख? बजेटच्या खूप बाहेर आहे." फोन बंद. पुढे काय काम केलंय ते विचारतच नाहीत. एका बिल्डरकडून मात्र ऑफर आली आहे, २४ लाख सीटीसी, हुद्दा मॅनेजर, शनिवार चालू. जुने मित्र म्हणतात अर्ध्याहून कमी घेऊ नकोस, बाजारभाव पडतो. बायको म्हणते घे आणि मोकळा हो.

इथल्या कुणाला मी ओळखत नाही. ज्यांना ओळखत होतो ते एकतर स्वतः गल्फमध्ये आहेत किंवा धंदा बदललाय. काय करावं?

हिशेबनीस

आधी आकडे नीट मांडा, मग रडा. हिशेबाला सोपं म्हणून दिरहमचा भाव २४ धरतो.

तिकडे १८,००० मधून घरभाडं, दोन शाळा (एकच मुलगी असेल तर कमी), वीज-पाणी-फोन, किराणा, गाडी एवढं वजा करून हातात काय उरत होतं? माझ्या अंदाजाने ५,००० च्या आतच.

इकडे २४ लाखांचं चित्र असं. १० टक्के व्हेरिएबल असणारच, ते वर्षअखेरीस मिळालं तर मिळालं. बेसिक १२ लाख धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ४४ हजार आणि ग्रॅच्युइटीचे ५८ हजार हे सीटीसीतच मोजलेले असतात. राहिले साडेएकोणीस लाख. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणि नव्या रेजिमने साधारण १ लाख ८४ हजार टॅक्स गेला की महिन्याला १ लाख ३५ हजार खात्यात पडतात. दोन लाख पडणार या आशेवर सही करू नका.

आणि काळजी करू नका, एनआरई एफडीचं व्याज मुदत संपेपर्यंत करमुक्तच राहतं. ग्रॅच्युइटीलाही इकडे कर नाही.

वाशिष्ठीकाठ

अंदाज बरोबर आहे राव. मुलं दोन आहेत, धाकटा चौथीत. भाडं ५,५००, दोन्ही शाळा मिळून २,५००, वीज-पाणी-फोन १,२००, घरखर्च २,५००, गाडी-पेट्रोल-टोल १,५००. उरायचे ४,८००.

चिलरवाला

मी दोहाहून २०१६ ला परतलो. सध्या एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडे आहे, बरीचशी कामं नवी मुंबईत. तुमचाच हिशेब पुढे नेतो, कारण तो अर्धाच राहिलाय.

४,८०० दिरहम म्हणजे १ लाख १५ हजार. शिवाय तिकडे पाच वर्षांनंतर दर वर्षाला महिन्याचं बेसिक ग्रॅच्युइटी म्हणून साठत जातं. बेसिक ९,००० असेल तर महिन्याला आणखी १८ हजार धरा. एकूण बचत १ लाख ३३ हजार. इकडे १ लाख ३५ मधून स्वतःच्या घरात राहून ७५ हजारांत संसार केलात तर ६० उरतात, आणि दोन्ही बाजूंचा पीएफ मिळून २४ हजार महिन्याला साठतो. झाले ८४. म्हणजे खरा खड्डा महिन्याला ५० हजारांचा आहे. भाड्याच्या घरात असता तर तो ८० चा झाला असता. ४ लाख ३२ हजार विरुद्ध १ लाख ३५ हजार अशी तुलना डोक्यात ठेवून मुलाखतीला बसलात तर चेहऱ्यावर दिसते ती, आणि समोरचा घाबरतो की हा सहा महिन्यांत परत पळणार.

एचआरला दिरहम सांगायचेच नाहीत. "तिकडची रचना वेगळी, घरभाडं धरून पगार असतो, इथल्या भूमिकेसाठी माझी अपेक्षा अमुक ते अमुक" एवढंच. आणि लगेच जोडा की नोटीस पीरियड नाही, सोमवारी येतो. इथे सगळ्यांना तीन-तीन महिन्यांची नोटीस असते. साइट अडकलेल्या माणसाला तुमचं मोकळं असणं पाच लाखांच्या फरकापेक्षा मोठं वाटू शकतं.

पण बिल्डरची नोकरी मी तरी घेणार नाही. का, ते रात्री सविस्तर लिहितो.

बाणेर_रिटर्न्स

आम्ही न्यू जर्सीहून आलो तेव्हा हाच प्रश्न होता! मुलांना मराठी अजिबात वाचता येत नव्हतं. इंटरनॅशनल बोर्डच घ्या, स्टेट बोर्डात एकदम टाकू नका. पहिलं वर्ष रडारड होते, मग रुळतात. बाणेर-बालेवाडीत बसची सोय चांगली आहे.

वाशिष्ठीकाठ

ताई, धन्यवाद, पण मुलं तिकडे सीबीएसईलाच होती, इथेही तीच मिळाली. अडलंय ते बापाचं.

निवृत्त_बँकवाला

हिशेबनीस यांचं एनआरईबद्दलचं विधान धोक्याचं आहे. मी एनआरआय डेस्कवर बरीच वर्षं बसलोय. कायमचं राहायला आलात त्या दिवसापासून फेमाप्रमाणे तुम्ही निवासी. बँकेला कळवून एनआरई खातं साध्या निवासी खात्यात बदलून घ्यायचं असतं. एफडी मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहू शकते, पण परतल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. एफसीएनआर ठेव मात्र मुदतीपर्यंत परकीय चलनातच ठेवता येते, नंतर आरएफसी खात्यात नेता येते. लोक "कळवलं नाही तर काय होतंय" म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि मग विवरणपत्रात गाठ पडते.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. ती आधी दुबईच्या खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा. कंपनीला सरळ इथल्या खात्याचा नंबर दिलात तर "भारतात मिळालेलं उत्पन्न" असा वाद उभा राहतो. रक्कम किती बसते तुमची?

वाशिष्ठीकाठ

पहिल्या पाच वर्षांचे २१ दिवसांप्रमाणे १०५ दिवस, पुढच्या नऊचे ३० प्रमाणे २७०. एकूण ३७५ दिवस, दिवसाचं बेसिक ३०० दिरहम. १,१२,५०० दिरहम, म्हणजे २७ लाख. नशिबाने तिकडचं खातं अजून बंद केलेलं नाही, त्यातच आलेत.

हिशेबनीस

बँकवाल्या काकांचं बरोबर दिसतंय, कलम पुन्हा वाचलं. व्याजाचं मागे घेतो.

रांगडा_ठेकेदार

मी परदेशात गेलो ते फक्त बायकोला घेऊन सिंगापूर फिरायला. कोल्हापूर-पुणे पट्ट्यात डक्टिंग आणि पाइपिंगची लेबर घेतो. रागावू नका पण गल्फवाला इंजिनिअर साइटवर आला की माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्या दिवशी विचारणार, मेथड स्टेटमेंट कुठाय, मटेरियल सबमिटल कुठाय, इन्स्पेक्शन रिक्वेस्ट दोन दिवस आधी टाका. अहो, माझा फोरमन व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो आणि "ओके दादा" आलं की सीलिंग बंद करतो. आरए बिल तीन-तीन महिने अडकलेलं असतं, पोरांना शनिवारी खर्ची द्यायची असते. त्यात तुमचा कागद कोण लिहिणार?

साहेब, बिल्डरकडे जाणार असाल तर एक ध्यानात घ्या. तिथं तुमचं काम इंजिनिअरिंगचं नसतंय. माझ्यासारख्याचा रेट पाडायचा, बिलातले पाच टक्के रिटेन्शन जमेल तेवढं लांबवायचं आणि फायरच्या एनओसीसाठी कुठल्या टेबलावर कागद थांबलाय ते शोधायचं. मॅनेजर म्हणजे एवढंच. हे तुम्हाला जमतंय का, ते बघा.

चिलरवाला

ठेकेदारांनी माझं अर्धं काम केलं. बिल्डरला तुमच्या वयाच्या माणसाकडून डिझाइनची समज नको असते. त्याला पैसा, व्हेंडर आणि सरकारी कचेऱ्या सांभाळणारा माणूस हवा. तिथे तुमची १४ वर्षं शून्य. दुबईच्या सिव्हिल डिफेन्सची मंजुरी, वीज-पाणी मंडळाचे नियम, तिथले सप्लायर, यातलं इथे काही चालत नाही. इथे नॅशनल बिल्डिंग कोड आहे, महापालिकेचं अग्निशमन खातं आहे, महावितरण आहे. हे शिकता येतं, पण ज्या माणसाने इथेच १४ वर्षं काढली तो तुमच्यापेक्षा कमी पगारात ते जास्त चांगलं करतो.

मग तुमच्याकडे असं काय आहे जे त्याच्याकडे नाही? हॉस्पिटल हँडओव्हर केलंत म्हणालात. म्हणजे टेस्टिंग आणि कमिशनिंग शेवटच्या सहीपर्यंत नेलंय. पुण्यातल्या रहिवासी टॉवरला ते कुणी नीट करत नाही, आणि केलं तरी त्याचे पैसे देत नाही. पण ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतायत आणि तिथे त्याच्याशिवाय ग्राहक इमारत ताब्यातच घेत नाही.

शेवटची चाचणी कशी असते ते सांगतो. हॉलमध्ये अजून सर्व्हर आलेले नसतात. त्यांच्या जागी लोड बँक, म्हणजे मोठे हीटरच ठेवतात आणि पूर्ण क्षमतेने चालवतात. हॉल तापला, चिलर जोमात आले, की मुद्दाम बाहेरची वीज तोडायची. यूपीएस भार उचलतो, जनरेटर सुरू होतात, पण चिलर त्या क्षणाला थांबलेले असतात आणि परत ताकदीने यायला त्यांना काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ टाकीत साठवलेल्या गार पाण्यावर हॉल तगला पाहिजे. म्हणून पाणी फिरवणारे पंप यूपीएसवर असतात. आमच्या एका साइटवर सगळं सुरळीत झालं, पण एक पंप उठलाच नाही. पडद्यावर हॉलचं तापमान चढतंय, क्लायंटची माणसं हाताची घडी घालून उभी. शोधलं तर पॅनलवरचा सिलेक्टर ऑटोवर असायचा तो मॅन्युअलवर राहिलेला. दुपारी कुणीतरी फ्लशिंगनंतर पंप हाताने चालवून बघितला होता. असा घोळ चाचणीच्या आधी पकडण्यासाठी प्रत्येक यंत्राची तपासणी यादी लागते, आणि ती यादी खरोखर यंत्रासमोर उभं राहून भरणारा माणूस लागतो. टेबलावर बसून टिक मारणारे चिक्कार मिळतात.

ठेकेदार ज्याला कागद म्हणून हसतायत, तोच कागद इथे विकला जातो.

रांगडा_ठेकेदार

विकला जात असेल तिकडं खाडीपलीकडं. आमच्याकडं अजून "ओके दादा"च. आणि हे डेटा सेंटर किती दिवस चालणार? आयटी पार्कच्या वेळीही असंच म्हणत होते सगळे.

चिलरवाला

किती वर्षं चालेल ते मलाही माहीत नाही. हातातल्या कामांवर पुढची काही वर्षं तरी निघतील. पण कमिशनिंग हॉस्पिटलला लागतं, औषध कंपन्यांच्या क्लीनरूमला लागतं.

वाशिष्ठीकाठ

चिलरवाले, मनापासून आभार. पण पोहोचायचं कसं? नोकरीच्या साइटवर टाकलेले अर्ज त्याच एचआरच्या कॅल्क्युलेटरपाशी जाऊन थांबतात.

चिलरवाला

एचआरचं दार सोडा. दुबईत कुठल्या कंपनीची यंत्रं बसवलीत? चिलर, पंप, बीएमएस बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची पुण्या-मुंबईत विक्री कार्यालयं आहेत. दुबईच्या सेल्सवाल्याकडून इथल्या सेल्सवाल्याचा नंबर घ्या. चिलरची ऑर्डर यंत्र लागायच्या कितीतरी महिने आधी द्यावी लागते, त्यामुळे कुठली साइट कधी कमिशनिंगला येणार आणि कोणाकडे माणसं नाहीत हे त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. नोकरी मागू नका त्याच्याकडे. "तुमच्या कुठल्या साइटचं स्टार्टअप रखडलंय?" असं विचारा. तो स्वतःच्या स्वार्थापोटी तुमचं नाव पुढे करतो, कारण स्टार्टअपची सही झाल्याशिवाय त्याचं शेवटचं पेमेंट सुटत नाही.

दुसरं, इश्रे या एसीवाल्या इंजिनिअरांच्या संघटनेच्या पुणे चॅप्टरचं सदस्यत्व घ्या आणि तांत्रिक व्याख्यानांना जा. व्याख्यानापेक्षा नंतरचा चहा महत्त्वाचा. इथे ओळख म्हणजे कोणाचा तरी कोणीतरी असणं, आणि ते व्हायला दोन-चार वेळा तोंड दिसावं लागतं. दुबईत तुमचा व्हिसा आणि तुमचा सीव्ही तुमची ओळख सांगायचा. इथे "हा कोणाकडचा?" हा प्रश्न आधी.

आणि कागद जमवा. इथे पार्श्वभूमी तपासणी बाहेरची एजन्सी करते, ती जुन्या कंपनीला मेल टाकते. गल्फमधले ठेकेदार बुडतात, विलीन होतात, मेलला उत्तर येत नाही. अनुभवाचं पत्र, लेबर कॉन्ट्रॅक्टच्या प्रती, व्हिसा रद्द झाल्याचा कागद आणि पगार जमा झाल्याची बँक स्टेटमेंटं हे सगळं तिकडचं खातं आणि फोन नंबर चालू आहेत तोवर उतरवून घ्या. नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि मग काहीच निघत नाही.

मिरजेची_सिस्टर

तुमच्या बोलण्यात मध्येच शिरतेय. मी रियाधला आयसीयूला होते, सासऱ्यांच्या आजारपणामुळे आले. तिकडे दोन पेशंटला एक नर्स. इथल्या खासगी हॉस्पिटलने २५ हजार सांगितले आणि आयसीयूत चार बेड. शिवाय कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं, ते होईपर्यंत कामावर घेत नाहीत. नणंद म्हणते घरी बस. मला आयसीयू सोडायचा नाहीये. माझ्या कामात तुमच्यासारखं काही विकण्यासारखं आहे का?

चिलरवाला

सिस्टर, मला तुमच्या क्षेत्रातलं कळत नाही, उगाच सांगणार नाही. एवढंच माहीत आहे की मोठी हॉस्पिटलं एनएबीएच मानांकनासाठी दर्जा आणि संसर्ग नियंत्रण बघणारी नर्स नेमतात. तिकडच्या नोंदी ठेवायच्या सवयीला तिथे किंमत असावी. पण तो आयसीयू नव्हे. इथे कोणी मेट्रन किंवा डॉक्टर असतील तर त्यांनी लिहावं.

अजून_ठरलं_नाही

मी सध्या पुण्यात एमईपीलाच आहे, दुबईची ऑफर आलीय, ७,००० दिरहम. हा धागा वाचून जाऊ की नको कळेना.

रांगडा_ठेकेदार

जा की. पण एकटा जा, आणि गावात सांगू नको किती मिळतात. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती पहिली तुझ्याच नावाने फाटते.

वाशिष्ठीकाठ

हे मात्र खरं. यंदा शिमग्याला गेलो तर भावकीने विचारलं, आता कायमचा आलास तर गाडी कुठली घेणार. नोकरी नाही म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेना.

असो, घडामोड सांगतो. बिल्डरला नाही कळवलं. आमच्या हॉस्पिटलला पंप पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने ठाण्यातल्या एकाचा नंबर दिला, त्याने महाप्याच्या एका साइटवर बोलावलं. एचआर नव्हतीच. कमिशनिंग मॅनेजरने थेट प्लांटरूममध्ये नेलं आणि एका एअर हँडलिंग युनिटसमोर उभं करून विचारलं, "यात काय चुकलंय सांगा." कंडेन्सेट ड्रेनचा ट्रॅप उथळ होता, पंखा चालू झाल्यावर पाणी आत ओढलं जाणार. सांगितलं. मग त्याने चहा मागवला.

ऑफर अशी आहे. नोकरी नाही, वर्षाचा करार, महिना १ लाख ९० हजार फी. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा घेतली तर पैसे कापणार. सोमवार ते शुक्रवार महापे, शनिवारी घरी. हिशेबनीस, हे कसं बसतं?

हिशेबनीस

वर्षाला २२ लाख ८० हजार. इंजिनिअर म्हणून व्यावसायिकांसाठीची अनुमानित उत्पन्नाची पद्धत घेतलीत तर निम्मं, म्हणजे ११ लाख ४० हजार, उत्पन्न धरतात. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या रेजिममध्ये १२ लाखांच्या आत असल्याने कर शून्य. १० टक्के टीडीएस कापतील, तो परत मिळेल. २० लाखांच्या वर असल्याने जीएसटी नोंदणी करावी लागेल, १८ टक्के बिलात लावून घ्यायचे आणि भरायचे.

पण तुमच्या एफडी आहेत. या वेळी नीट बघून सांगतो, परतल्यानंतरचं व्याज यात मिळवलं की १२ लाखांची रेषा ओलांडाल. फार नाही भरावं लागणार, पण शून्य धरू नका. महाप्याला खोली आणि जाणं-येणं २५ हजार धरा. तरी बिल्डरपेक्षा हातात जास्त उरतं. आरोग्यविमा मात्र स्वतःचा काढा, आजच.

निवृत्त_बँकवाला

एकाच कंपनीचं काम, त्यांचीच हजेरी, त्यांचाच लॅपटॉप असेल तर "हा पगारच आहे" असं कर अधिकारी म्हणू शकतो. करारात कामाचं स्वरूप नीट लिहून घ्या आणि सीएला दाखवूनच सही करा. वर्षाने करार वाढला नाही तर काय, हेही विचारून ठेवा.

वाशिष्ठीकाठ

ते विचारलं. म्हणाले, साइट संपली की बघू. घरी आईला वाटतंय की आला तो पुन्हा मुंबईलाच चालला. बायकोचं म्हणणं, आठवड्यातून पाच दिवस मी तिकडेच राहणार असेन तर दुबई काय वाईट होती. याला माझ्याकडे उत्तर नाही. करार सीएकडे दिलाय.

रांगडा_ठेकेदार

साहेब, तिथं डक्टची लेबर कोणाकडं आहे? माझी बारा पोरं सध्या मोकळी आहेत. कागद लिहायला एक डिप्लोमावाला ठेवतो, काय लिहायचं ते तुम्ही सांगा.